पाचवीच्या परिमिती-क्षेत्रफळातून टायलरचे चार प्रश्न

प्रश्न: मी मुंबईत डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. टायलरचे चार प्रश्न (उद्दिष्टे, अध्ययन अनुभव, संघटन, मूल्यमापन) परीक्षेपुरते पाठ आहेत, पण पाठ टाचण लिहायला बसले की त्यांचं काय करायचं तेच कळत नाही. मार्गदर्शक मॅडम म्हणतात, "तुझी उद्दिष्टं एकीकडे आणि पाठ दुसरीकडे." आंतरवासितेत मला पाचवीला परिमिती आणि क्षेत्रफळ घ्यायचंय. एखादं उदाहरण घेऊन कोणी सविस्तर सांगेल का?

उत्तर:

तुमच्या मॅडमनी नेमकं दुखणं सांगितलं आहे. चार प्रश्न म्हणजे टाचणातले चार रकाने, असं आपण शिकतो आणि प्रत्येक रकाना वेगळा भरून मोकळे होतो. खरं तर पहिल्या प्रश्नाला तुम्ही जे उत्तर देता, तेच उरलेल्या तिघांत पुन्हा दिसलं पाहिजे. म्हणून मी तुमच्याच घटकातलं एक उद्दिष्ट घेतो आणि ते चारही प्रश्नांतून नेऊन दाखवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्यामुळे चौथा प्रश्न नीट कळतो. राल्फ टायलर यांनी हे प्रश्न 1949 साली एका छोट्या पुस्तकात मांडले. शिकागो विद्यापीठातल्या त्यांच्या अभ्यासक्रमाच्या टिपणांतून ते पुस्तक तयार झालं. त्याआधी 1933 ते 1941 या काळात अमेरिकेत सुमारे 30 शाळांचा एक मोठा प्रयोग झाला होता. कॉलेज प्रवेशाच्या ठरावीक अटींतून या शाळांना मोकळीक मिळाली होती आणि आपापला अभ्यासक्रम त्यांनी स्वतः आखला होता. साहजिकच विचारणा झाली की या मुलांना नेमकं काय आलं, आणि ते तुम्ही कशावरून म्हणता? त्या प्रयोगाचं मूल्यमापनाचं काम टायलर यांच्याकडे होतं. शाळेला जे साधायचं होतं ते स्पष्ट शब्दांत मांडलेलंच नसेल, तर ते साधलं की नाही हे तपासता येत नाही, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. मूल्यमापनाच्या गरजेतूनच ते उद्दिष्टांकडे वळले. तुम्हीही तसंच केलंत तर काम सोपं होईल.

आता तुमचा घटक. मला तो इतका जवळचा का वाटतो, हे आधी सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुंबईतल्या एका मराठी शाळेत पाचवीला हाच घटक शिकवला. घटक चाचणीत वर्गाला छान गुण पडले. त्यानंतर आठवड्याभरात वर्गाच्या फलकाला कडेने सोनेरी पट्टी लावायचं ठरलं. फलक 4 फूट बाय 3 फूट. गणितात सगळ्यांत पुढे असलेली मुलगी पट्टी आणायला गेली आणि 12 फूट घेऊन आली. पट्टी दोन फूट कमी पडली. दुकानदाराने कमी मोजली असं तिला वाटलं. तिने 4 गुणिले 3 केलं होतं. कडेने लावायची पट्टी म्हणजे 4, 3, 4, 3 मिळून 14 फूट, हे तिच्या मनात आलंच नाही. मी तिला लांबी गुणिले रुंदी शिकवलं होतं, ते केव्हा करायचं हे शिकवलंच नव्हतं. माझ्या टाचणात मात्र उद्दिष्ट होतं, "विद्यार्थ्यांना क्षेत्रफळाची संकल्पना समजावून देणे."

हे वाक्य नीट पाहा. ते मुलांबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. मी समजावलं की ते पुरं झालं, मुलीला काही येवो न येवो. उद्दिष्टं लिहिताना होणाऱ्या चुकांत टायलर यांनी या चुकीचा उल्लेख केला आहे: शिक्षक काय करणार ते लिहायचं आणि त्याला उद्दिष्ट म्हणायचं. दुसरी चूक म्हणजे नुसत्या घटकाचं नाव लिहिणं, "आयताचे क्षेत्रफळ" एवढंच. तिसरी चूक म्हणजे "तर्कशक्तीचा विकास" असं हवेतलं वाक्य, ज्यात कशाबद्दलचा तर्क ते नसतं. उद्दिष्टात दोन्ही हवं: मूल काय करू लागेल, आणि कोणत्या आशयावर करू लागेल.

मग तुमच्या घटकाचं उद्दिष्ट ठरवायचं कसं? टायलर तीन ठिकाणी शोधायला सांगतात: शिकणारं मूल, त्याच्या भोवतालचं आजचं जीवन, आणि विषयाचे जाणकार. मुलापासून सुरुवात करा. फलकावर चौकटी आखून दोन आकृत्या काढा, एक 4 बाय 6 आणि एक 5 बाय 5. विचारा, कोणत्या आकृतीत जास्त लाद्या बसतील आणि कोणत्या आकृतीला कडेने जास्त दोरी लागेल? पहिलीत 24 चौकटी आहेत, दुसरीत 25, आणि कड दोन्हींची 20. पुष्कळ मुलं सांगतील की जिथे लाद्या जास्त तिथे दोरीही जास्त. त्यांच्या मनात "मोठं" ही एकच गोष्ट असते, कड आणि पसारा वेगळे झालेले नसतात. कोणतंही पुस्तक न उघडता पाच मिनिटांत तुम्हाला गरज कळली.

भोवतालचं जीवन मुंबईत शोधावं लागत नाही. इथल्या मुलाच्या कानावर "10 बाय 12 ची खोली", "कार्पेट एरिया", "स्क्वेअर फूट" हे शब्द लहानपणापासून पडतात. 10 बाय 12 च्या खोलीत 120 चौरस फूट जागा असते, 8 बाय 14 च्या खोलीत 112. कड मात्र दोन्हींची 44 फूट. दोन फुटी लादी घेतली तर पहिल्या खोलीला 30 लाद्या लागतात, दुसरीला 28, आणि भिंतीच्या पायथ्याला लावायचं स्कर्टिंग दाराची रुंदी वजा केली की दोन्हीकडे तेवढंच. लादी बसवणारा कारागीर हे दोन हिशेब वेगवेगळे करतो. त्याच्या घरातलं पाचवीतलं मूल मात्र ते एकमेकांत मिसळतं.

विषयाच्या जाणकारांना विचारायचा प्रश्न टायलर यांनी फार नेमका ठेवला आहे: जो पुढे गणिताचा तज्ज्ञ होणार नाही, त्याला तुमचा विषय काय देऊ शकतो? याचं उत्तर सूत्र असू शकत नाही, सूत्र विसरलं जातं. एखाद्या जागेची कड मोजायची की पृष्ठभाग, हे ओळखता येणं टिकतं.

या तिन्हींतून उद्दिष्टांचा ढीग जमतो. तो दोन चाळण्यांतून काढायचा. एक आपल्या शिक्षणविचाराची, म्हणजे आपल्याला काय मोलाचं वाटतं. दुसरी अध्ययनाच्या मानसशास्त्राची, म्हणजे या वयाला, एवढ्या वेळात, काय शिकणं शक्य आहे. माझ्या चाळणीतून हे एक खाली आलं: "रोजच्या जीवनातल्या प्रसंगात परिमिती लागेल की क्षेत्रफळ हे विद्यार्थी ठरवतो आणि आकृती काढून कारण सांगतो." यात आशय आहे, कृती आहे, आणि ती डोळ्यांनी पाहता येते. हेच पुढे धरून ठेवू.

दुसरा प्रश्न अध्ययन अनुभवाचा. छात्राध्यापक सर्वांत जास्त इथे घसरतात, म्हणून इथे थांबतो. अनुभव म्हणजे आशय नव्हे, आणि शिक्षकाची कृतीही नव्हे. मूल आणि त्याच्या समोरची परिस्थिती यांच्यात जे घडतं तो अनुभव. टायलर यांचं म्हणणं असं की विद्यार्थी स्वतः जे करतो त्यातून तो शिकतो, शिक्षक जे करतो त्यातून नव्हे. तुम्ही फलकावर सुबक आयत काढलात, चौकटी मोजून दाखवल्यात, "समजलं ना?" विचारलंत, वर्ग "हो" म्हणाला. तुमच्या टाचणात "क्षेत्रफळाचा अनुभव" असं लिहिलं गेलं. मागच्या बाकावरच्या मुलाला मिळालेला अनुभव मात्र आकृती उतरवून घेण्याचा आहे, आणि त्याने तेवढंच शिकलं. टाचणातल्या प्रत्येक कृतीपुढे स्वतःला विचारा: या क्षणी मुलाचं डोकं काय करतंय? उद्दिष्टातली क्रिया आणि ही क्रिया एक नसेल, तर मॅडम म्हणतात ते बरोबर आहे.

आपल्या उद्दिष्टात "ठरवतो" आणि "कारण सांगतो" असं आहे. म्हणजे मुलाला ठरवावं लागेल अशी परिस्थिती उभी करायला हवी. मी असं करतो. दोघांत एक चौकटीची वही. सूचना एवढीच: वहीतल्या रेघांवरूनच चालायचं, आयत काढायचा, आणि त्याची कड बरोबर 24 बाजूंची झाली पाहिजे. एका चौकटीची एक बाजू म्हणजे एक एकक. किती वेगवेगळे आयत होतात ते शोधा आणि प्रत्येकात किती चौकटी मावतात ते लिहा. दहा मिनिटांत वर्गात 1 बाय 11, 2 बाय 10, 3 बाय 9, 4 बाय 8, 5 बाय 7 आणि 6 बाय 6 सापडतात. चौकटींचे आकडे येतात 11, 20, 27, 32, 35, 36. कड तीच, आतली जागा 11 पासून 36 पर्यंत. हे आकडे एकाखाली एक लिहून झाले की मुलं आपणहून बोलू लागतात. तोवर तुम्ही काही सांगायचं नाही. नवीन शिक्षकाला हे गप्प राहणं अवघड जातं, मलाही जायचं.

दुसऱ्या दिवशी उलटा खेळ: चौकटी 24 च घ्यायच्या, आयत वेगवेगळे करायचे. 4 बाय 6 ची कड 20, 3 बाय 8 ची 22, 2 बाय 12 ची 28, 1 बाय 24 ची 50. एकाच उद्दिष्टासाठी एकाहून अधिक अनुभव असावेत, असं टायलर म्हणतात, त्याचं कारण इथे दिसतं. पहिल्या कृतीत न उमगलेलं मूल दुसरीत उमगतं, आणि पहिलीत उमगलेल्याची समजूत एका आकृतीला चिकटून राहत नाही.

वर्गात फिरताना एक चूक मुद्दाम शोधा. काही मुलं कड मोजताना बाजू मोजत नाहीत, आतल्या कडेच्या चौकटी मोजतात. 5 बाय 7 च्या आयताला ती 24 ऐवजी 20 सांगतात. कोपऱ्यातल्या चौकटीच्या दोन बाजू कडेला येतात, पण मूल ती चौकट एकदाच मोजतं, म्हणून चार कोपऱ्यांचे चार कमी पडतात. उत्तर बरोबर चारने कमी आलं, तर मुलाची बेरीज चुकलेली नाही. ते अजून कड म्हणजे जागाच समजतंय. त्याला सूत्र देऊ नका, आकृतीच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायला लावा आणि प्रत्येक बाजूला मोठ्याने मोजू द्या.

एकाच अनुभवातून अनेक परिणाम निघतात, नको असलेलेही. "आधी कोण पूर्ण करतं" अशी शर्यत लावलीत तर चपळ मुलं आकडे सांगून मोकळी होतात, बाकीची उतरवून घेतात, आणि गणित आपल्यासाठी नाही हे पक्कं करतात. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. "उद्या घरी जाऊन आपली खोली मोजून आणा" असा गृहपाठ देऊ नका. उपक्रम म्हणून तो आकर्षक दिसतो. पण तुमच्या वर्गात एखादं मूल आठ जणांसह 8 बाय 10 मध्ये राहत असेल, एखादं फुटपाथवर. ते वर्गासमोर आकडा सांगताना त्या मुलाला जो अनुभव येईल, तो क्षेत्रफळाचा नसेल. वर्गखोली मोजा, शाळेचा जिना मोजा, व्हरांडा मोजा.

तिसरा प्रश्न संघटनाचा. इथे तीन शब्द तुम्हाला पाठ असतील: सातत्य, क्रमबद्धता, एकात्मता. यांतला दुसरा सर्वाधिक चुकीचा वापरला जातो. आज 8 बाय 6 चा आयत, उद्या 48 बाय 36 चा, याला आपण "सोप्याकडून कठीणाकडे" म्हणतो. कठीण झाला तो गुणाकार. परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला भेद ओळखण्याचं काम जिथल्या तिथेच राहिलं. क्रमबद्धता म्हणजे तीच कल्पना पुन्हा आली, पण यावेळी थोडी खोल. आयतानंतर इंग्रजी एल अक्षरासारखी आकृती द्या. मोठ्या आयताचा कोपरा आयताकार कापला की आतली जागा कमी होते आणि कड तितकीच राहते. हे पाहून मुलं थक्क होतात, आणि ज्यांनी सूत्र नुसतं पाठ केलंय ती अडतात. पुढे पिंपळाचं पान चौकटींवर ठेवून आतली जागा अंदाजे मोजायची. आकडे लहानच, विचार मात्र पुढे गेला.

पाठ्यपुस्तकी सवय अशी की परिमितीचा आठवडा वेगळा, क्षेत्रफळाचा वेगळा. मग त्या आठवड्यात मुलाला काही ठरवावंच लागत नाही, सगळी उदाहरणं एकाच जातीची असतात. मी सहा तासिका धरतो. पहिल्याच तासिकेला एका आकृतीत दोन्ही दाखवतो, सूत्राशिवाय, कुंपण आणि लादी या शब्दांत. दुसरी नुसत्या कडेची, तिसरी चौकटी मोजण्याची. चौथी आणि पाचवी वरच्या दोन कृतींच्या. सूत्र पाचव्या तासिकेत येतं, तेही मुलं "सर, मोजत कशाला बसायचं, गुणलं की झालं" म्हणतात तेव्हा. सहाव्या तासिकेत मिश्र प्रसंग. एकात्मतेबद्दल थोडक्यात सांगतो. कार्यानुभवात खरंच चौकट किंवा तोरण करायचं असेल तर तिथे परिमिती वापरा. भूगोलाशी, भाषेशी ओढून-ताणून जोड लावण्याची गरज नाही.

आता मूल्यमापन, म्हणजे पुन्हा उद्दिष्टाच्या वाक्याकडे. "लांबी 12 सेमी, रुंदी 8 सेमी, तर क्षेत्रफळ काढा." हा प्रश्न काय तपासतो? कोणतं माप काढायचं ते त्यानेच सांगून टाकलं. उरला गुणाकार. आपल्या उद्दिष्टातलं "ठरवतो" दाखवायची संधीच मुलाला मिळाली नाही. माझ्या त्या वर्गाला गुण पडले ते याच प्रश्नांवर. त्याऐवजी असा प्रश्न द्या: "6 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद व्हरांड्यात सतरंजी अंथरायची आहे आणि कडेने दिव्यांची माळ लावायची आहे. प्रत्येकासाठी काय मोजाल? आकृतीत रंगवून दाखवा." आकडे सोपे ठेवा, म्हणजे चूक कुठली ते कळेल. इथे क्षेत्रफळ 24 आणि परिमिती 20 असे वेगळे आकडे येतात. 4 बाय 4 घेतलंत तर दोन्ही 16 येतील आणि चुकीचा विचारही बरोबर उत्तर देऊन जाईल.

एकदाच तपासून भागत नाही. सुरुवातीला मूल कुठे होतं हे माहीत नसेल तर ते किती पुढे आलं हे सांगता येत नाही, म्हणून निदान दोनदा, आधी आणि नंतर. जमल्यास महिन्याभराने पुन्हा एकदा, टिकलं का ते पाहायला. आधीची तपासणी तुम्ही 4 बाय 6 आणि 5 बाय 5 च्या प्रश्नाने केलेलीच आहे. आणि लेखी उत्तर हे एकच साधन नाही. पाच मुलांशी दोन-दोन मिनिटं बोललात तर वहीत न दिसणारं बरंच कळतं.

हाती आलेले आकडे वाचायचे कसे, ते पाहा. समजा, तुमच्या 40 मुलांपैकी सूत्राचं उदाहरण 34 जणांना आलं आणि व्हरांड्याचा प्रश्न 15 जणांनाच. मुलं कच्ची आहेत असा अर्थ काढू नका, गुणाकार त्यांना येतोय. ठरवण्याचा अनुभव कमी पडला, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाकडे परत जायचं. उलट, 30 जणांनी आकृती बरोबर रंगवली पण आकडेमोड चुकली, तर तुमचं उद्दिष्ट साधलं आहे आणि गरज पाढ्यांच्या सरावाची आहे. आणि महिन्याभराने आकडा घसरला, तर बहुधा सातत्य तुटलं, मधल्या काळात ही कल्पना पुन्हा कुठे भेटलीच नाही. मूल्यमापन असं मागच्या तिन्ही प्रश्नांकडे बोट दाखवतं. म्हणूनच हे चार प्रश्न एका ओळीत सोडवायचे आणि संपवायचे असं टायलर यांनाही अभिप्रेत नव्हतं. सुधारणा यांपैकी कुठूनही सुरू करता येते, हे त्यांनी पुस्तकाच्या शेवटी लिहिलं आहे.

या पद्धतीची मर्यादाही ठाऊक असू द्या, तोंडी परीक्षेतही विचारतात. परिमितीसारख्या घटकाला ती चपखल बसते. कविता शिकवताना, चित्र काढू देताना, मूल शेवटी काय करू लागेल हे आधी ठरवणं कधी अशक्य असतं, कधी अन्यायाचं. एलियट आयझनर यांनी हाच आक्षेप घेतला. कलेत काही फळं अनुभव घेतल्यावरच कळतात, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडमधल्या लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 च्या सुमारास उद्दिष्टांऐवजी शिकण्याच्या प्रक्रियेपासून सुरुवात करायला सांगितलं. हर्बर्ट क्लीबार्ड यांनी 1970 मध्ये विचारलं की तीन स्रोतांतून आलेलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे शेवटी त्या शिक्षणविचाराच्या चाळणीवरच ठरतं, आणि ती चाळणी कशी असावी हे टायलर सांगतच नाहीत. मला हा आक्षेप रास्त वाटतो. खोली मोजण्याचा गृहपाठ द्यायचा नाही, हा निर्णय मला टायलर यांच्या चौकटीने दिलेला नाही.

तुमच्या हाती बहुधा 35 मिनिटांचा एकच पाठ असेल, सहा तासिका नाहीत. तर 24 बाजूंच्या आयतांची तासिका घ्या. टाचणात आधी शेवटचा प्रश्न लिहा, व्हरांड्याचा किंवा तसाच दुसरा. मग वरचं उद्दिष्ट त्याच शब्दांत लिहा. मधल्या कृतीपुढे "शिक्षक" आणि "विद्यार्थी" असे दोन रकाने असतील, त्यातला विद्यार्थ्यांचा आधी भरा. "ऐकतात", "निरीक्षण करतात", "उत्तरे देतात" हे शब्द तिथे तीनदा आले, तर पाठ अजून तुमचाच आहे, मुलांचा झालेला नाही. आदल्या दिवशी स्वतः चौकटीच्या वहीवर सहाही आयत काढून पाहा, म्हणजे 1 बाय 11 कुणी आणला तर "हा कसला आयत" असं तुमच्या तोंडून निघणार नाही.